बॉट खरंच स्लो आहे, की फक्त वाटतो?

फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर आणण्यासाठी मेटासोबत करार जाहीर केला. आता अशा बॉटची खरी परीक्षा कुठे होते? कन्हानच्या एखाद्या मुलीला कॉलेज ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला हवा असतो, तिथे.

समजा, तिने अर्ज क्रमांक देऊन तीन गोष्टी विचारल्या: अर्ज कुठवर आला, फी किती आणि जवळचं सेवा केंद्र कोणतं. बॉटला तीन वेगवेगळ्या सिस्टीमना विचारावं लागतं. समजण्यापुरते आकडे धरू. त्यांना अनुक्रमे 3, 1 आणि 2 सेकंद लागतात, आणि प्रत्येक वेळी ‘आता कुणाला विचारू?’ हे ठरवायला मॉडेल 1 सेकंद घेतं. एकामागून एक विचारलं तर 9 सेकंद गेले. मॉडेलने एकाच वेळी तिन्ही प्रश्न सोडले तर 1 सेकंद ठरवायला आणि 3 सेकंद सर्वांत हळू सिस्टीमसाठी, म्हणजे एकूण 4.

पण हे सगळीकडे चालत नाही. अर्ज क्रमांकच आधी शोधायचा असेल, तर स्टेटस त्यानंतरच विचारता येईल. शिवाय एक सिस्टीम अडकली की बाकीची उत्तरंही अडकतात. म्हणून प्रत्येकीला वेळेची मर्यादा हवी. ती संपली की मिळालेली उत्तरं द्यायची आणि काय मिळालं नाही ते स्पष्ट सांगायचं.

दुसरी बचत लिहिण्यात. मॉडेल उत्तर टोकन नावाच्या तुकड्यांत लिहितं. सेकंदाला 50 टोकन धरले, तर 300 टोकनला 6 सेकंद आणि 100 टोकनला 2. देवनागरी मजकुराचे अनेकदा इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात, त्यामुळे मराठीत पाल्हाळ जास्तच महाग. एकूण 15 सेकंदांचं काम आता 6 वर आलं.

तरी 6 सेकंद कोरी स्क्रीन म्हणजे ‘हँग झालं वाटतं!’ वेबसाइटवर उत्तर शब्दाशब्दाने उमटू शकतं, व्हॉट्सॲपवर मात्र मेसेज पूर्ण तयार होऊनच येतो. म्हणून प्रश्न येताच, मॉडेलची वाट न बघता, सर्व्हरने ‘टायपिंग’ची खूण दाखवावी. ती जास्तीत जास्त 25 सेकंद टिकते. मग ‘तुमचा अर्ज तपासतोय’ अशी एक ओळ. जेकब नील्सन यांनी 1993 मध्येच मांडलं होतं की 1 सेकंदापर्यंत विचारांची तंद्री टिकते आणि 10 सेकंदांनंतर लक्ष उडतं.

इथेच फसवणूकही होऊ शकते. ‘तपासतोय’ चालेल, काम व्हायच्या आधी ‘झालं’ म्हटलं, तर ती मुलगी दाखला तयार समजून पारशिवनी तहसीलला फुकट चक्कर मारेल.

तुम्हीही तपासा: स्टॉपवॉच लावा आणि पहिली हालचाल व पूर्ण उत्तर यांच्या वेळा वेगळ्या मोजा. पहिली लवकर आणि दुसरी नेहमीच उशिरा येत असेल, तर बॉट फास्ट झालेला नाही, फक्त लवकर ‘हो’ म्हणायला शिकलाय.