फोटो उघडण्याआधी

प्रिय विद्यार्थ्यास,

तुझी बीजगणिताची वही पाहिली. वर्गसमीकरणांची सगळी शाब्दिक उदाहरणं बरोबर, कुठे खाडाखोड नाही. मला काळजी वाटली ती त्यामुळेच. मित्राने ग्रुपवर टाकलेल्या फोटोंवरून उतरवली, हे तू खरं सांगितलंस, ते बरं केलंस. ते फोटो डिलीट करू नकोस. दहावीच्या उजळणीला ते उपयोगी पडतील, फक्त ते कधी उघडायचे हे कळायला हवं.

आयताकृती शेताचं उदाहरण घे. लांबी रुंदीपेक्षा 7 मीटरने जास्त, क्षेत्रफळ 120 चौरस मीटर. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव आणि जमेल तिथपर्यंत सोडव. रुंदी x मानली की x(x + 7) = 120, म्हणजेच x² + 7x − 120 = 0. समज, पुढे तू (x − 15)(x + 8) = 0 असे अवयव पाडलेस आणि रुंदी 15 मीटर काढलीस. आता फोटो उघड, पण त्यावर कागद धर आणि एकेक ओळ खाली सरकव. तुझी ओळ जिथे पहिल्यांदा वेगळी पडते, तिथे थांब. फोटोत (x + 15)(x − 8) आहे. लगेच फोटो बंद कर आणि तुझे कंस गुणून बघ. मधलं पद −7x येतं, आपल्याला +7x हवं होतं. चूक सापडली. तिथून पुढचं तूच लिही: x = 8 किंवा x = −15; रुंदी ऋण नसते, म्हणून रुंदी 8 मीटर, लांबी 15 मीटर. 8 × 15 = 120, ताळा जमला.

हा ताळा फोटोतल्या उत्तरालाही लाव. फोटोत घातांक पुसट येतो, उणे चिन्ह घडीत हरवतं, आणि लिहिणारा मित्रही चुकू शकतो. समीकरणच मांडता आलं नाही, तर फोटोतली फक्त पहिली ओळ बघ. एवढ्याने बहुतेक वेळा गाडी पुढे सरकते. बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांनाही गुण असतात, म्हणून नुसतं शेवटचं उत्तर जुळवून थांबू नकोस.

खरी परीक्षा दोन दिवसांनी घे. आकडे बदल: लांबी 5 मीटरने जास्त, क्षेत्रफळ 84. फोटोशिवाय 7 आणि 12 आले तर रीत तुझी झाली. ‘रुंदी x मानू’ इथेच पेन अडलं, तर तुझ्या लक्षात फक्त जुनं उत्तर राहिलं होतं. ते उदाहरण पुन्हा पहिल्यापासून सोडव.

पुढच्या तासाला वही आणशील तेव्हा चुकलेल्या ओळी खोडरबरने पुसू नकोस. त्यावर एक रेघ मार आणि शेजारी चूक का झाली ते लिही. मला त्याच ओळी तपासायच्या आहेत.

तुझे सर