तव्यावरचे कोरडे चिकन

फेल्डहोवनच्या घरी तव्यावरचे चिकन प्रथम केले, तेव्हा आम्ही अर्धा किलो तुकडे एकदमच टाकले. तवा थंडावला, पाणी सुटले आणि चिकन भाजण्याऐवजी त्यातच शिजले. बाहेरून फिकट, आतून चिवट. वरचे पाणी आटेपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर तापत नाही आणि तांबूस रंगाला त्याहून बरीच अधिक उष्णता लागते.

आता आम्ही छातीऐवजी मांडीचे बिनहाडाचे मांस घेतो. इथल्या दुकानांत त्याला ‘किपदेइफिले’ म्हणतात. चरबीमुळे ते सहसा कोरडे पडत नाही. अर्ध्या किलोला लहान चमचाभर मीठ, मोठा चमचाभर आले-लसणाचे वाटण, हळद, तिखट व थोडे लिंबू लावून ते रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. मिठामुळे मांस आपला रस धरून ठेवते. दही मात्र घालत नाही. त्याचे पाणी शेवटी तव्यावरच उतरते.

भाजण्यापूर्वी जास्तीचा मसाला निपटून वाटीत काढावा, कारण मांस होण्याआधी लसूण करपतो. जाड तवा तापवून, तेल घालून सात-आठच तुकडे सुटे मांडावेत आणि तीन-चार मिनिटे मुळीच हलवू नयेत. चर्र आवाज टिकला तर ठीक. बुडबुड ऐकू आली की पाणी साचले असे समजावे. झाकण ठेवण्याचा मोह आम्हांलाही होतो, पण त्याने वाफ कोंडते. तुकडा तव्यापासून सहज सुटला की उलटावा. आतले तापमान ७५ अंशांवर पोहोचताच उतरवावा. वाटीतला मसाला कच्च्या मांसाला लागलेला असतो. तो शेवटी त्याच तव्यावर तेल सुटेपर्यंत परतून तुकड्यांवर घोळवावा.