तोटा विकायचा, पण कोणता?

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात इंदूरहून मावसबहिणीचा फोन आला. ‘ताई, नुकसानीतले शेअर 31 मार्चच्या आत विकले की टॅक्स वाचतो म्हणे. माझ्याकडे असे तीन आहेत. सगळे विकून टाकू का?’

मी म्हटलं, ‘थांब. आधी यंदा नफा कशात झालाय ते सांग. मग प्रत्येक शेअर कधी घेतलास ते सांग.’

दरवर्षी या दिवसांत हा प्रश्न घराघरांत निघतो, म्हणून तिचाच हिशेब आज तुमच्यापुढे मांडते. याला इंग्रजीत ‘टॅक्स लॉस हार्वेस्टिंग’ म्हणतात. कल्पना साधी आहे. वर्षभरात काही शेअर विकून नफा झाला असेल, तर तोट्यातले शेअर विकून तो तोटा नफ्यातून वजा करायचा आणि उरलेल्या नफ्यावरच कर भरायचा. शेअर नुसता पडून असेल तर तो तोटा कागदावरच राहतो. विकला तरच तो हिशेबात धरतात.

आता नियम. शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंड 12 महिने किंवा त्याहून कमी काळ ठेवून विकले तर नफा अल्पकालीन, त्यावर 20 टक्के कर. 12 महिन्यांहून जास्त ठेवले तर दीर्घकालीन. त्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यापुढे 12.5 टक्के. हे दर 23 जुलै 2024 पासूनचे. करावर 4 टक्के उपकर वेगळा.

तोट्यालाही हीच दोन नावं आहेत, पण वागणूक वेगळी. अल्पकालीन तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वजा होतो. दीर्घकालीन तोटा मात्र फक्त दीर्घकालीन नफ्यातूनच. पगारातून यातला कुठलाच तोटा वजा होत नाही.

बहीण शाळेत नोकरी करते आणि पगारावर कर भरते. यंदा तिला दोन नफे झाले होते. एक शेअर सहा महिन्यांत विकून 1,20,000 रुपये, म्हणजे अल्पकालीन. जुन्या म्युच्युअल फंडातून 90,000 रुपये, म्हणजे दीर्घकालीन. दुसरा नफा सव्वा लाखाच्या आत असल्यामुळे त्यावर कर नव्हता. पहिल्यावर 24,000 अधिक 960 उपकर, एकूण 24,960 रुपये भरायचे होते.

तोट्यातला पहिला शेअर तिने आठ महिन्यांपूर्वी दोन लाखांना घेतला होता, आता त्याचे 1,20,000 येत होते. तोटा 80,000, आणि अल्पकालीन. हा विकला की करपात्र नफा 40,000 वर येतो आणि कर 8,320 रुपये होतो. 16,640 रुपये वाचले. हाच शेअर तिने आणखी पाच महिने ठेवून विकला असता तर तोटा दीर्घकालीन झाला असता आणि अल्पकालीन नफ्याच्या काहीच कामी आला नसता.

दुसरा शेअर चार वर्षांपूर्वीचा, तोटा 50,000. ‘हाही विकते,’ ती म्हणाली. इथेच बहुतेक जण फसतात. हा दीर्घकालीन तोटा आधी तिच्या 90,000 च्या दीर्घकालीन नफ्यातून वजा होणार आणि सव्वा लाखाची सूट नंतर बघितली जाणार. ज्या नफ्यावर मुळात एक पैसाही कर नव्हता, त्यातच 50,000 चा तोटा खर्ची पडला असता. आधी सूट घेते आणि तोटा पुढच्या वर्षासाठी ठेवते, असं म्हणायची सोय कायद्यात नाही. म्हणून कर वाचवण्यासाठी हा शेअर यंदा विकण्यात अर्थ नव्हता. ज्या वर्षी तिचा दीर्घकालीन नफा सव्वा लाखाच्या वर जाईल, त्या वर्षी त्याचा उपयोग होईल.

तिसऱ्या शेअरची गंमत वेगळी. 2021 मध्ये तिने 300 रुपयांनी 100 शेअर घेतले होते आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये 700 रुपयांनी आणखी 100. भाव 500 होता. ‘ऑक्टोबरचे 100 विकते, 20,000 तोटा दाखवते,’ असा तिचा बेत. पण एकाच डीमॅट खात्यात जो शेअर आधी आला तोच आधी गेला असं धरतात. 100 विकले असते तर 2021 चे गेले असते आणि तोट्याऐवजी 20,000 नफा दिसला असता. ऑक्टोबरचा तोटा हवा असेल तर सगळे 200 विकावे लागतात. म्हणून विकण्याआधी ब्रोकरच्या अ‍ॅपवर नुसती सरासरी किंमत बघू नका. भांडवली नफ्याचा अहवाल उघडून कुठली खरेदी कधीची ते बघा.

मग तिने विचारलं, ‘पहिला शेअर मला आवडतो. सकाळी विकून दुपारी परत घेऊ?’ नको. एकाच दिवशी त्याच खात्यातून विकून परत घेतलं तर तो इंट्राडे व्यवहार होतो. जुने शेअर खात्यातून हलतच नाहीत आणि 80,000 चा तोटा नोंदला जात नाही. अमेरिकेत असा तोटा दाखवायचा तर विक्रीच्या आधी आणि नंतर 30 दिवस तोच शेअर घेता येत नाही. आपल्याकडे शेअरसाठी तसा स्पष्ट नियम नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी घेतला तरी चालतो. मधल्या वेळात भाव वर गेला तर तो धोका मात्र आपला.

परत घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आता तिची खरेदी किंमत 1,20,000 झाली आणि 12 महिन्यांची मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू झाली. भाव पुन्हा दोन लाखांवर गेला आणि तिने वर्षाच्या आत विकला, तर 80,000 नफ्यावर तेच 16,640 रुपये भरावे लागतील. म्हणजे कर वाचला नाही, पुढे ढकलला. वर्ष उलटल्यावर विकला आणि नफा सव्वा लाखाच्या सुटीत बसला, तर तो खरा वाचला.

तिचा सगळा तोटा यंदाच वजा झाला. तुमचा तोटा नफ्याहून मोठा असेल तर उरलेला तोटा पुढची आठ वर्षं वापरता येतो, पण त्यासाठी आयकर रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. मुदत उलटून भरलेल्या रिटर्नमधला भांडवली तोटा पुढे नेता येत नाही.

शेवटी बहिणीने पहिला शेअर विकला आणि दोन दिवसांनी परत घेतला. दुसरा तसाच ठेवला. तिसऱ्याबद्दल मी तिला एवढंच विचारलं, ‘टॅक्सचा विषय बाजूला ठेव. ही कंपनी तुला अजून हवी आहे का?’ ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘खरं सांगू? नको आहे.’ तिने सगळे 200 विकले. जुन्या 100 वरचा 20,000 नफा धरून दीर्घकालीन नफा 1,10,000 झाला, सव्वा लाखाच्या आतच राहिला. ऑक्टोबरच्या 100 वरचा 20,000 तोटा अल्पकालीन नफ्यातून गेला आणि आणखी 4,160 रुपये वाचले.