अग्रलेख तीन वाक्यांत कसा सांगाल?

सकाळी अग्रलेख वाचला, आवडला, आणि घरात कोणीतरी विचारलं, "काय लिहिलंय आज?" अशा वेळी आपण बहुतेकदा विषय सांगून मोकळे होतो. "दप्तराच्या ओझ्याबद्दल आहे." पण हे काही सार झालं नाही. दप्तराबद्दल लेखकाचं म्हणणं काय आहे, ते ऐकणाऱ्याला कळलंच नाही.

सार सांगायचं तर आधी अग्रलेखाचे दोन भाग वेगळे करावे लागतात: लेखकाचा दावा आणि त्या दाव्याला दिलेला आधार. दावा म्हणजे लेखकाला जे पटवायचं आहे ते. आधार म्हणजे त्यासाठी दिलेली आकडेवारी, नियम, उदाहरणं, कारणं.

एक छोटा नमुना घेऊ. हा उतारा मी या लेखासाठीच लिहिला आहे. त्यातला नियम मात्र खरा आहे.

"शाळा सुरू झाल्या की दप्तराखाली वाकलेली मुले पुन्हा दिसू लागतात. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावे. म्हणजे २५ किलोच्या मुलाने फार तर अडीच किलो न्यायचे. रोज सगळ्या विषयांची वह्या-पुस्तके मागवली, तर ही मर्यादा पाळायची कशी? पुस्तके शाळेतच ठेवली तर घरी अभ्यास कशावरून करायचा, असे पालक विचारतात आणि ते रास्त आहे. म्हणूनच दप्तरे काट्यावर ठेवण्याआधी शाळांनी वेळापत्रक बदलावे आणि एका दिवशी मोजकेच विषय ठेवावेत."

आता प्रत्येक वाक्याला विचारा, "कशावरून?" किंवा "का?" ज्या वाक्याला हा प्रश्न विचारल्यावर बाकीचा लेख उत्तर देऊ लागतो, ते वाक्य म्हणजे दावा. "शाळांनी वेळापत्रक बदलावे." का? कारण रोज सगळी पुस्तके न्यावी लागली तर १० टक्क्यांची मर्यादा पाळता येत नाही. उत्तर मिळालं. आता हाच प्रश्न १० टक्क्यांच्या वाक्याला विचारून बघा. बाकीचा लेख त्याचं उत्तर देत नाही, कारण तो नियम सिद्ध करायला लेख लिहिलेलाच नाही. म्हणून ते वाक्य आधार आहे.

इथेच बरेच जण चुकतात. पहिलं वाक्य डोळ्यांसमोर चित्र उभं करतं, आकडा लक्षात राहतो, आणि आपण सांगतो, "दप्तरं जड झाली आहेत आणि सरकारने १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे." दोन्ही गोष्टी लेखात आहेत, तरीही हे त्या लेखाचं सार नाही. वेळापत्रकाची मुख्य गोष्टच गळाली.

दुसरी चूक जास्त महागात पडते. पालकांचा आक्षेप लेखकाने मांडला, मान्यही केला. पण तो लेखकाचा दावा नाही. घाईत वाचणारा सांगतो, "पुस्तकं शाळेत ठेवू नयेत असं पेपरात आलंय." हे घरच्या ग्रुपवर गेलं की लेखक जे म्हणायला बसलाच नव्हता, ते त्याच्या नावावर फिरू लागतं. "असे म्हणतात", "काहींच्या मते", "हे खरे असले तरी" असे शब्द आले की थांबा आणि पाहा, बोलतंय कोण? आणि "म्हणूनच", "तेव्हा", "पण" यांच्यापुढचं वाक्य नीट वाचा. दावा अनेकदा तिथेच सापडतो.

कधी दावा प्रश्नाच्या रूपात येतो. १८९७ साली 'केसरी'त टिळकांच्या गाजलेल्या अग्रलेखाचं शीर्षक होतं, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा प्रश्न माहिती विचारण्यासाठी नव्हता. त्याचं "नाही" हे उत्तर त्यातच होतं. अशा प्रश्नाचं सार सांगताना त्याचं साधं विधान करून सांगावं.

आता आपल्या नमुन्याचं सार:

"दप्तराचं ओझं कमी करायचं तर शाळांनी आधी वेळापत्रक बदलून एका दिवशी मोजकेच विषय ठेवावेत, असं अग्रलेखाचं म्हणणं आहे. रोज सगळी वह्या-पुस्तकं न्यावी लागली, तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा पाळता येत नाही, हे त्याचं कारण. पुस्तकं शाळेतच ठेवण्याला पालकांचा असलेला आक्षेप लेखकाला मान्य आहे."

पहिल्या वाक्यात दावा, दुसऱ्यात सगळ्यात भक्कम आधार, तिसऱ्यात दुसऱ्या बाजूचं म्हणणं. २५ किलोचं उदाहरण गाळलं तरी काही बिघडलं नाही. "असं अग्रलेखाचं म्हणणं आहे" हे शब्द मात्र गाळू नका. ते मत तुमचं नाही, आणि त्यातला आधार तुम्ही तपासलेलाही नाही. तुम्हाला ते पटलं की नाही, हे चौथ्या वाक्यात, वेगळं सांगा.