रद्द करा, आणि पुढे?

कायद्याच्या परीक्षेत हमखास फिरून येणारा एक प्रश्न आहे. न्यायाधिकरणाने एका पक्षाला न ऐकता निर्णय दिला, तर उच्च न्यायालयात कोणती रिट मागाल? विद्यार्थी ‘उत्प्रेषण आणि परमादेश’ एवढे लिहून मोकळा होतो, त्याला गुणही मिळतात. वकिलीत मात्र खरी परीक्षा विनंतीचे कलम लिहिताना होते, आणि तिथे अनुभवी मंडळीही घसरतात.

एक काल्पनिक प्रकरण घेऊ. महसूल न्यायाधिकरणापुढे कुळकायद्याच्या कलम ७६ खाली पुनरीक्षण अर्ज चालला. युक्तिवाद संपले आणि प्रकरण निकालासाठी ठेवले. त्यानंतर तहसील कार्यालयातून स्थळपाहणीचा अहवाल आला. निकालात त्याचाच आधार घेऊन, अर्जदाराची वहिवाट दिसत नाही म्हणून, कुळाचा दावा फेटाळला गेला. अहवाल कुळाच्या हाती पडला तो निकालानंतर.

असा प्रसंग नवा नाही. ढाकेश्वरी कॉटन मिल्सच्या प्रकरणात (१९५४) प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने खात्याच्या प्रतिनिधीने दिलेली माहिती करदात्याला न दाखवता वापरली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. ते प्रकरण अनुच्छेद १३६ खालचे होते. उत्प्रेषणाची चौकट हरी विष्णू कामथ (१९५५) निकालात सापडते. अधिकारक्षेत्र असूनही सुनावणी न देता निर्णय दिला, तर उत्प्रेषण निघते. पण उच्च न्यायालय तिथे अपील न्यायालय म्हणून बसत नाही, पुरावा नव्याने तोलत नाही.

मग सिद्ध काय करायचे? आधी रोजनामा. युक्तिवाद कधी बंद झाला, अहवाल कोणत्या तारखेला दाखल झाला, त्याची प्रत दिल्याची नोंद आहे का, हे तिथेच दिसते. सबब रोजनाम्याच्या प्रमाणित नकलेशिवाय याचिका दाखल करू नये. रोजनाम्यातच चुकीची नोंद असेल, तर तिच्याविरुद्ध नुसते प्रतिज्ञापत्र सहसा चालत नाही. चूक लक्षात येताच त्याच न्यायाधिकरणाकडे दुरुस्ती मागायला हवी.

दुसरी गोष्ट बाधेची. एस. एल. कपूर (१९८०) निकालानुसार ऐकून न घेणे हीच बाधा. पण पुढच्या निकालांनी, विशेषतः सुधीरकुमार सिंग (२०२०), कायदा पालटला: प्रत्यक्ष काय नुकसान झाले ते दाखवा. त्यामुळे ‘संधी दिली नाही’ या एका ओळीवर थांबू नका. संधी मिळाली असती तर काय म्हटले असते, ते याचिकेत लिहा. आपल्या प्रकरणात ते सोपे आहे. वाद १ एप्रिल १९५७ रोजी जमीन कोण कसत होते याचा आहे. आज केलेली पाहणी त्यावर काय सांगणार? शिवाय ती मे महिन्यात झाली असेल, तर कोरडवाहू शिवारात उभे पीक दिसणारच कुठून? हे मुद्दे न्यायाधिकरणापुढे मांडता आले नाहीत, हीच बाधा. प्रतिपक्ष म्हणेल, ‘ऐकले असते तरी निकाल हाच लागला असता.’ त्याला उत्तर याच परिच्छेदात हवे.

आता परमादेश. नेहमीची चूक अशी: ‘आदेश रद्द करावा आणि याचिकाकर्त्यास कूळ घोषित करावे.’ पहिली मागणी बरोबर, दुसरी सहसा टिकत नाही. आदेश रद्द झाला की पुनरीक्षण अर्ज पुन्हा प्रलंबित होतो, आणि तो कायद्याप्रमाणे निकाली काढणे हे न्यायाधिकरणाचे कर्तव्य उरते. परमादेश त्या कर्तव्यासाठी मागायचा, विशिष्ट निकालासाठी नव्हे. के. एस. जगन्नाथन (१९८६) निकालाचा दाखला देऊन थेट निर्णय मागणारे वकील भेटतात. पण तिथे स्वेच्छाधिकार वापरण्यातील चुकीचा प्रश्न होता. वादग्रस्त पुराव्यावर कूळ ठरवणे ही निराळी गोष्ट.

मसुदा असा असावा: ‘(अ) अभिलेख मागवून अमुक तारखेचा आदेश उत्प्रेषणाने रद्द करावा, (ब) पाहणी अहवालाची प्रत देऊन, त्यावर लेखी हरकत व तोंडी सुनावणीची संधी देऊन, पुनरीक्षण अर्ज अमुक मुदतीत नव्याने निकाली काढण्याचा परमादेश द्यावा, (क) तोवर जमिनीचा ताबा जैसे थे ठेवावा.’ (क) विसरल्यास फेरसुनावणी सुरू होण्याआधीच ताबा जाऊ शकतो. आणि सदस्याने अहवाल स्वतःहून मागवला असेल, तर दुसऱ्या सदस्यापुढे सुनावणीची मागणीही विचारात घ्यावी. मात्र पक्षपाताचा आरोप ठोस आधाराशिवाय करू नये.

परीक्षकांना एक विनंती. पुढच्या वेळी हा प्रश्न काढताना ‘कोणती रिट?’ याबरोबर ‘विनंतीचे कलम लिहा’ हेही विचारा, आणि निम्मे गुण त्याला ठेवा.