शेअर बाजाराची बाराखडी : भाव खाली, आरएसआय वर, मग घ्यायचा का?



तुमच्याकडचा एखादा शेअर महिनाभर पडतोय. ग्रुपवर कोणीतरी त्याचा चार्ट टाकतं आणि खाली लिहितं, "बुलिश डायव्हर्जन्स आलाय, आता फक्त वर!" घरखर्चातून बाजूला काढलेले पैसे अशा एका वाक्यावर लावण्याआधी तो डायव्हर्जन्स काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे आज उदाहरणातून पाहू.

डायव्हर्जन्स म्हणजे फारकत. भाव एक सांगतो आणि इंडिकेटर दुसरंच. यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा इंडिकेटर म्हणजे आरएसआय. वेल्स वाइल्डर यांनी तो १९७८ मध्ये आपल्या पुस्तकातून मांडला. चार्टच्या अ‍ॅपमध्ये इंडिकेटरच्या यादीत RSI असं टाइप केलं की भावाच्या खाली ० ते १०० मध्ये फिरणारी एक रेघ दिसते. नेहमीची सेटिंग १४ दिवसांची असते.

ही रेघ कशी बनते ते कळलं की फारकत आपोआप कळते. गेल्या १४ दिवसांत ज्या दिवशी भाव वाढला त्या दिवसांची वाढ एकत्र करा, ज्या दिवशी पडला त्या दिवसांची घट एकत्र करा. मग वाढीला वाढ आणि घट यांच्या बेरजेने भागा आणि १०० ने गुणा. झाला आरएसआय. अ‍ॅप जुन्या दिवसांचाही थोडा प्रभाव धरतं, त्यामुळे आकडा थोडा वेगळा येईल, पण तत्त्व हेच.

आता एक काल्पनिक शेअर घेऊ. १४ दिवसांत तो ३०० वरून २७० वर आला. या काळात वाढ झाली एकूण १२ रुपये आणि घट ४२ रुपये. १२ भागिले ५४, म्हणजे आरएसआय साधारण २२. हा पहिला तळ.

तिथून शेअर उसळून २८४ पर्यंत गेला आणि पुन्हा पडू लागला. पुढच्या १४ दिवसांत तो २६६ वर आला. या वेळी वाढ २१ रुपये आणि घट ३९ रुपये. २१ भागिले ६०, म्हणजे आरएसआय ३५. हा दुसरा तळ.

भावाने आधीपेक्षा खालचा तळ केला, २७० नंतर २६६. आरएसआयने मात्र वरचा तळ केला, २२ नंतर ३५. हाच बुलिश डायव्हर्जन्स. बेअरिश म्हणजे याचं उलट रूप: भाव आधीपेक्षा उंच शिखर करतो, पण आरएसआयचं शिखर बुटकं राहतं. बुलिशसाठी तळाशी तळ जोडायचा, बेअरिशसाठी शिखराशी शिखर. मधलेच दोन दिवस पकडून रेघ ओढली, तर हवी ती फारकत कुठेही सापडते.

पण वरच्या आकड्यांकडे पुन्हा एकदा बघा. दुसऱ्या वेळीही घट वाढीपेक्षा जास्तच आहे. शेअर पडतोच आहे, फक्त आधीपेक्षा सावकाश. घाट उतरणाऱ्या गाडीने ब्रेक दाबला म्हणून ती वर चढायला लागत नाही. डायव्हर्जन्स सांगतो तो वेग कमी झाल्याचं. दिशा बदलली, असं तो सांगत नाही.

पहिला आणि सर्वांत महागात पडणारा चकवा इथूनच जन्मतो. आपला शेअर २६६ वरून जेमतेम २७४ पर्यंत गेला आणि पुन्हा घसरत २५६ वर आला, असं समजा. या १४ दिवसांत वाढ २० आणि घट ३० रुपये. आरएसआय झाला ४०. म्हणजे फारकत आधीपेक्षाही ठळक दिसते आणि २६६ ला घेणारा माणूस शेअरमागे १० रुपये तोट्यात असतो! पहिली पडझड जोरदार असेल, तर नंतरच्या प्रत्येक संथ घसरणीत अशी फारकत दिसू शकते. लोक प्रत्येक वेळी "आता तरी तळ आला" म्हणून थोडे थोडे शेअर घेत राहतात. जोरदार तेजीत बेअरिश डायव्हर्जन्सही असाच वारंवार दिसतो आणि चांगला शेअर लवकर विकायला लावतो.

दुसरा चकवा कँडलच्या शेपटीचा. आरएसआय दिवसाच्या बंद भावावरून निघतो, पण आपण बघतो कँडलचं खालचं टोक. समजा पहिल्या तळाच्या दिवशी शेअर २६८ ला शिवून २७० वर बंद झाला होता. दुसऱ्या वेळी तो दिवसभरात २६४ पर्यंत गेला, पण बंद झाला २७२ वर. डोळ्यांना खालचा तळ दिसतो, बंद भाव मात्र आधीच्या वरच आहे. मग आरएसआय वर असण्यात नवल ते काय? इथे फारकत नाहीच. शंका आली तर चार्ट कँडलऐवजी लाइनवर करून बघा. बहुतेक अ‍ॅपमध्ये ही रेघ बंद भावांचीच असते.

तिसरा चकवा घाईचा. बाजार सुरू असताना आजचा आरएसआय प्रत्येक सौद्याबरोबर हलतो. दुपारी दिसलेली फारकत बाजार बंद होईपर्यंत पुसली जाऊ शकते. शिवाय तळ होता हे भाव तिथून वर वळल्यावरच ठरतं. म्हणून दिवस संपल्यावर, शांतपणे बघा.

मग खरं-खोटं ओळखायचं कसं? आपल्या उदाहरणात दोन तळांच्या मध्ये २८४ चं शिखर होतं. शेअर त्याच्या वर बंद झाला, तर खरेदीदार परतल्याचा पुरावा भावानेच दिला. तोपर्यंत फारकत ही नुसती सूचना. हा नियम पाळणारा माणूस वरच्या पहिल्या चकव्यात सापडत नाही, कारण शेअर २७४ वरूनच मागे फिरला होता. बेअरिशसाठी दोन शिखरांमधल्या तळाखाली बंद भाव येण्याची वाट पाहायची.

या वाट पाहण्याची किंमत आहे. २६६ चा शेअर तुम्हाला २८६ ला मिळेल. आणि कधी कधी २८४ ओलांडूनही भाव परत फिरतो. म्हणून खरेदीआधीच बाहेर पडायची जागा ठरवा: दुसऱ्या तळाच्या जरा खाली, म्हणजे २६४. चुकलं तर शेअरमागे २२ रुपये जातील. तुम्हाला या सौद्यात २,००० रुपयांपेक्षा जास्त गमवायचे नसतील, तर २,००० भागिले २२, म्हणजे ९० शेअरच घ्यायचे. शेअर एकदम खालच्या भावाला उघडला, तर तोटा याहून जास्त होऊ शकतो, तेवढी जागा मनात ठेवा.

या आठवड्यात एक पैसाही न लावता एवढं करा. ओळखीच्या एखाद्या शेअरचा दोन वर्षांचा रोजचा चार्ट उघडा, लाइनवर ठेवा आणि दिसतील तेवढे डायव्हर्जन्स वहीत उतरवा. प्रत्येकापुढे लिहा: मधलं शिखर किंवा मधला तळ भावाने मोडला का? आणि किती दिवसांनी? ज्यांच्यापुढे "नाही" लिहाल, ते मोजा. पुढच्या वेळी ग्रुपवर "आता फक्त वर" असं कोणी लिहिलं, की तो आकडा आठवेल.