नाव बदलून पाहा

मागच्या वर्षी गोव्याहून मी तिला सूर्यास्ताचा फोटो पाठवला. खाली लिहिलं, ‘मिसिंग यू’. तोच फोटो माझ्या स्टेटसलाही होता. तिचं उत्तर आलं, ‘नाइस’. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या मेसेजची लायकी तेवढीच होती.

ट्रिपवरून आवडत्या माणसाला मेसेज पाठवताना आपण समजतो की फोटो सुंदर हवा आणि ओळ रोमँटिक. दोन्ही चूक. माझी कसोटी सोपी आहे: मेसेजमधल्या माणसाचं नाव बदलून पाहा. तो दुसऱ्या कुणालाही जसाच्या तसा चालत असेल, तर पाठवू नका. सूर्यास्त सगळ्यांचाच असतो. समोरच्याला तो पाहून एवढंच कळतं, की तुम्ही मजेत आहात.

भारतात १८७९ साली पोस्टकार्ड आलं. त्याला पाकीट नव्हतं. पोस्टमन वाचणार, घरचे वाचणार. त्यामुळे मनातलं उघड लिहिण्याची सोय नव्हती. दोघांनाच कळेल अशी खूण लिहावी लागे. आपल्या मेसेजला ती अडचण नाही, म्हणून आपण खूण शोधतच नाही. थेट हार्ट टाकतो.

यंदा हर्णैला गेलो. निघायच्या आठवडाभर आधी निगडीत, भक्ती-शक्तीच्या बसस्टॉपवर ती सहज म्हणाली होती, ‘सुवर्णदुर्ग मी फक्त चौथीच्या इतिहासात पाहिलाय.’ हर्णैच्या किनाऱ्यावरून तो समुद्रातला किल्ला समोरच दिसतो. मी एकच फोटो काढला. उजेड वाईट, कोपऱ्यात कुणाची तरी होडी. खाली लिहिलं: ‘तुझा चौथीतला किल्ला. मी अर्धाच पाहिलाय. उरलेला तुझ्या वाटणीचा.’

यात ‘आठवण येते’ कुठेच नाही, पण तिचं बोलणं मी ऐकलं होतं, हे तिला कळतं. ‘तुझ्या वाटणीचा’मध्ये खट्याळपणा आहे, पण तो तिच्या आईने वाचला तरी चालेल. आणि प्रश्न नाही, त्यामुळे उत्तराची सक्ती नाही. तो फोटो स्टेटसला टाकला नाही. टाकला असता तर ती खूण दोघांची राहिली नसती.

मात्र खूण तिने स्वतः सांगितलेल्या गोष्टीतूनच यावी. तिच्या इन्स्टाग्रामवर पाच वर्षं मागे जाऊन शोधलेली आवड म्हणजे आठवण नव्हे, पाळत. ती वाचून माणूस सुखावत नाही, दचकतो. आणि एका ट्रिपचा एकच मेसेज. उत्तरात नुसता अंगठा आला, तर दुसरा फोटो पाठवून खुलासा करू नका. अंगठा हेही उत्तरच असतं.

मला रात्री उशिरा उत्तर आलं: ‘अर्धा कुठला? डावा की उजवा?’

‘नाइस’ म्हणणारी मुलगी हीच.